विशेषणं खोडा, मिनिटं लिहा

इंजिनिअरिंगचे निकाल लागले की लिंक्डइनवर नव्या पदवीधरांची गर्दी उसळते. त्यांच्या प्रोफाइलमधला ‘अबाउट’ हा भाग उघडून पाहावा, तर बहुतेकांचा मजकूर एकाच साच्यातून काढलेला. हा मजकूर इंग्रजीत असतो. मराठीत आणला तर साधारण असा होतो:

“मी अत्यंत मेहनती, पॅशनेट आणि रिझल्ट-ओरिएंटेड मेकॅनिकल इंजिनिअर आहे. उत्तम संवादकौशल्य, नेतृत्वगुण आणि टीमवर्क ही माझी बलस्थानं. सॉलिडवर्क्स, ॲन्सिस, मॅटलॅब आणि पायथॉनवर प्रभुत्व. एका नामांकित कंपनीत प्रॉडक्टिव्हिटी 27 टक्क्यांनी वाढवणाऱ्या प्रकल्पाचं नेतृत्व केलं. माझ्या ज्ञानाच्या बळावर संस्थेच्या प्रगतीत मोलाचा वाटा उचलता येईल, अशा डायनॅमिक ऑर्गनायझेशनच्या शोधात आहे.”

या मजकुरावरचं नाव बदलून दुसऱ्या कुणाचंही घातलं तरी तो तितकाच चालून जाईल. अपवाद एकाच वाक्याचा, तो म्हणजे 27 टक्क्यांचा. त्यामागे काहीतरी काम झालेलं दिसतं. पण ते ज्या पद्धतीनं लिहिलं आहे, त्यानं खरं काम खोटं वाटू लागलं आहे.

हाच मजकूर आपण नव्यानं लिहू. त्यासाठी एक नमुना धरू. मेकॅनिकलची पदवी नुकतीच घेतलेली एक मुलगी आहे. शेवटच्या वर्षी तिनं तीन वर्गमित्रांबरोबर औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान मशीन शॉपमध्ये प्रकल्प केला. मुलगी आणि आकडे कल्पनेतले आहेत, पण अशा प्रकारचे प्रकल्प आपल्याकडच्या कॉलेजांतून दरवर्षी होतात.

वाचणारा कोण असतो?

‘अबाउट’मध्ये 2600 अक्षरं बसतात. मोकळ्या जागा आणि विरामचिन्हंही त्यात मोजली जातात. मात्र प्रोफाइल उघडणाऱ्याला आधी त्यातल्या पहिल्या काही ओळीच दिसतात आणि बाकीचा मजकूर ‘सी मोअर’च्या मागे राहतो. फोनवर दिसणारा भाग आणखी कमी. म्हणजे पहिली दोन वाक्यं वाया गेली, तर पुढचं कितीही चांगलं असलं तरी बऱ्याच जणांच्या नजरेला ते पडतच नाही. वरच्या मजकुरात ही मोक्याची जागा ‘मेहनती, पॅशनेट आणि रिझल्ट-ओरिएंटेड’ यांनी अडवली आहे.

वाचणारे तीन प्रकारचे असतात. पहिला भरती करणारा. तो बहुधा सर्चमधून येतो आणि सर्चमध्ये कुणी ‘पॅशनेट’ टाकत नाही. टाकतो ते ‘सीएनसी’, ‘टाइम स्टडी’, ‘सॉलिडवर्क्स’, ‘ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी’, ‘पुणे’ असे शब्द. दुसरा वाचक तांत्रिक माणूस, म्हणजे प्रॉडक्शन मॅनेजर किंवा त्या विभागाचा प्रमुख. तो मुलाखतीच्या आधी प्रोफाइलवर नजर टाकतो आणि तिथूनच पहिला प्रश्न उचलतो. तिसऱ्या वाचकाची आठवण लिहिताना कुणालाच होत नाही. ते असतात आपले प्रकल्पातले सोबती, गाइड आणि ज्यांच्या शॉप फ्लोअरवर आपण काम केलं ते सुपरवायझर. रेझ्युमे ठरावीक लोकांकडे जातो. लिंक्डइनवर मात्र ‘प्रकल्पाचं नेतृत्व केलं’ हे वाक्य प्रकल्पातले उरलेले तिघेही वाचतात.

भरती करणाऱ्याला शब्द सापडले पाहिजेत, तांत्रिक माणसाला विचारण्यासारखं काही मिळालं पाहिजे आणि सोबत्यांनी वाचून भुवया उंचावू नयेत. या तिघांना एकदम पुरा पडेल असा मजकूर विशेषणांनी तयार होत नाही.

आधी काम आठवायचं

लिहायला बसण्याआधी प्रकल्पाची वही काढावी आणि एकच प्रश्न विचारावा: मी स्वतः, माझ्या हातानं, काय केलं? आपल्या नमुन्यातली मुलगी याचं उत्तर मोकळेपणानं द्यायला लागली तर ते असं येईल.

त्या शॉपमध्ये एका सीएनसी लेथवर वेगवेगळ्या भागांच्या लहान बॅचेस चालायच्या. भाग बदलला की सेटअप बदलायचा. जुने जॉ काढायचे, नवे लावायचे, टूल बदलायचे, ऑफसेट घ्यायचे, पहिला नग काढून तपासणीला पाठवायचा आणि तो पास झाला की बॅच सुरू. जुन्या बॅचचा शेवटचा चांगला नग निघाल्यापासून नव्या बॅचचा पहिला चांगला नग पास होईपर्यंतचा वेळ म्हणजे सेटअपचा वेळ. या चौघांनी तो पाच वेळा मोजला. सरासरी आली 52 मिनिटं.

मग त्यांनी प्रत्येक सेटअपचे तुकडे पाडले. काही कामं मशीन थांबवल्याशिवाय होतच नाहीत, उदाहरणार्थ जॉ बदलणं. काही कामं आधीची बॅच चालू असतानाच करून ठेवता येतात: ड्रॉइंग आणणं, बोअर गेज आणणं, लागणारी टूल मांडून ठेवणं. ही विभागणी म्हणजे जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी मांडलेल्या ‘स्मेड’ पद्धतीचं पहिलं पाऊल. या शॉपमध्ये मशीन बंद करून मग ॲलन की आणि गेजची शोधाशोध सुरू व्हायची. चौघांनी टूलसाठी एक ट्रॉली बनवली, आधी करून ठेवायच्या कामांची यादी मशीनजवळ लावली आणि पुन्हा पाच सेटअप मोजले. सरासरी 38 मिनिटांवर आली.

एवढं ऐकल्यावर कळतं की सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मूळ मजकुरात यातलं काहीच नव्हतं.

27 टक्के, पण कशाचे?

52 वरून 38, म्हणजे 14 मिनिटं वाचली. 52 च्या तुलनेत ही घट 27 टक्के. आकडा बरोबर आहे. पण तो सेटअपच्या वेळेतल्या घटीचा आहे. प्रॉडक्टिव्हिटीच्या वाढीचा तो नाही, आणि बढाई शिरते ती नेमकी इथे.

हिशेब करून पाहू. आठ तासांच्या पाळीत 480 मिनिटं. पाळीत एकदा सेटअप बदलतो असं धरलं आणि जेवणाची सुट्टी, ब्रेकडाउन वगैरे सोडून दिलं, तर आधी मशीन चालायला 428 मिनिटं मिळत होती, आता 442 मिळतात. वाढ सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. तीही एका मशीनवर. ‘कंपनीची प्रॉडक्टिव्हिटी 27 टक्क्यांनी वाढवली’ हे वाक्य खऱ्या परिणामाच्या आठपट मोठं बोलतं आहे, आणि एका लेथवरचं काम सगळ्या कंपनीच्या नावावर मांडतं आहे.

प्रॉडक्शनमध्ये दहा वर्षं काढलेल्या माणसाला हे कळायला कागद-पेन लागत नाही. तो विचारतो, “प्रॉडक्टिव्हिटी कशी मोजली?” मुलगी अडखळते, आणि चांगलं केलेलं कामही संशयाच्या भोवऱ्यात सापडतं. उलट तिनं ‘एका सीएनसी लेथवर सेटअपचा वेळ 52 वरून 38 मिनिटांवर आला’ असं लिहिलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता, “नेमकी कुठली 14 मिनिटं वाचली?” या प्रश्नाचं उत्तर तिच्याइतकं चांगलं दुसरं कुणी देऊ शकत नाही.

म्हणून टक्क्यांपेक्षा मूळ आकडे बरे. ‘52 वरून 38’ मध्ये सुरुवात, शेवट आणि फरक तिन्ही दिसतात. टक्केवारीत ती कशाची, हे लपून राहतं. आकड्याबरोबर तो किती मोजणीवर आधारलेला आहे हेही लिहावं: पाच-पाच सेटअपची सरासरी. पाच ही काही मोठी संख्या नाही. शिवाय कुणी स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभं असलं की ऑपरेटरचा हात जरा भराभर चालतो. हे माहीत असल्याचं त्या चार शब्दांतून दिसतं. मर्यादा सांगितल्यानं दावा लहान होईल अशी भीती मुलांना वाटते. प्रत्यक्षात अनुभवी वाचक त्याच वाक्यावर थांबतो आणि मनात म्हणतो, हिला मोजणं म्हणजे काय ते कळतं.

‘आम्ही’त ‘मी’ किती?

दुसरा पेच कामाच्या वाटणीचा. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून सगळा अहवाल ‘आम्ही’त लिहिला जातो. लिंक्डइनवर आल्यावर मात्र कुणीतरी सांगतं की स्वतःला विकायला शिका, आणि ‘आम्ही’ची जागा एकदम ‘मी नेतृत्व केलं’ घेतं. दोन्हींत वाचणाऱ्याला हवी ती गोष्ट मिळत नाही. चौघांपैकी या मुलीनं काय केलं, हे त्याला कळायला हवं असतं.

उपाय सोपा आहे. निकाल ‘आम्ही’चा, काम ‘मी’चं. सेटअपचा वेळ कमी झाला तो चौघांमुळे आणि त्या ऑपरेटरांमुळे, म्हणून ते वाक्य ‘आम्ही चौघांनी’ असं. टाइम स्टडी आणि ट्रॉलीचं डिझाइन तिच्याकडे होतं, म्हणून तिथे निःसंकोच ‘मी’. बाकीचे तिघं हे वाचतील तेव्हा त्यांना खटकणार नाही, कारण त्यांचा वाटा कुणी पळवलेला नाही.

क्रियापदही कामाच्या मापाचं हवं. पाहिलं, नोंदवलं, मोजलं, तपासलं, डिझाइन केलं, बसवलं, बदललं, शिकवलं, नेतृत्व केलं. यातलं प्रत्येक क्रियापद वेगळ्या जबाबदारीचं आहे. नेतृत्व केलं म्हणायचं तर काम वाटून देणं, अडलेल्यांना सोडवणं आणि बिघडलं तर उत्तर देणं हे आपल्याकडे असावं लागतं. गटाची फाइल आपल्या लॅपटॉपवर होती, एवढ्यानं ते होत नाही. नवीन पदवीधराच्या तोंडी ‘मोजलं’ आणि ‘डिझाइन केलं’ ही क्रियापदं भक्कम वाटतात. इंग्रजीत लिहितानाही ‘मेझर्ड’, ‘डिझाइन्ड’, ‘टेस्टेड’ असे साधे शब्द घ्यावेत. ‘स्पिअरहेडेड’ आणि ‘रिव्होल्यूशनाइज्ड’ हे शब्द बावीस वर्षांच्या पदवीधराच्या प्रोफाइलवर दिसले की वाचणारा हसतो.

अतिनम्रतेचा मजकूर

बढाई टाळायला सांगितलं की काही मुलं थेट दुसऱ्या टोकाला जातात. मग मजकूर असा होतो: “मी फ्रेशर असून मला अजून फारसा अनुभव नाही. इंटर्नशिपमध्ये शॉप फ्लोअर जवळून पाहण्याची संधी मिळाली. शिकण्याची मनापासून तयारी आहे. संधी दिल्यास विश्वास सार्थ ठरवेन.”

हा नम्र वाटतो, पण वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. फ्रेशर आहे हे पदवीच्या वर्षावरून दिसतंच, ते पहिल्या ओळीत सांगून जागा का घालवायची? ‘पाहण्याची संधी मिळाली’ मध्ये मुलीनं काही केल्याचं दिसत नाही, जे घडलं ते तिच्यासमोर घडलं असं वाटतं. पाच-पाच सेटअप स्टॉपवॉच घेऊन उभं राहून मोजणाऱ्या मुलीनं ‘पाहण्याची संधी मिळाली’ लिहिणं हेही चुकीचंच वर्णन आहे. आणि शेवटचं वाक्य अर्जविनंतीचं आहे. बढाईखोर मजकुरात काम फुगवलेलं असतं, इथे ते गायब झालेलं असतं. दोन्हींवर औषध एकच, घडलं तेवढं आणि घडलं तसं लिहिणं.

नवा मजकूर

आता सगळं जुळवू. प्रत्यक्षात हे इंग्रजीत जाईल, इथे मराठीत देतो:

“सीएनसी मशीनवर सेटअपचा वेळ कुठे जातो हे मोजणं आणि तो कमी करणं, हा माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. सुटे भाग बनवणाऱ्या एका लघुउद्योगात आम्ही चौघांनी एका लेथवर काम केलं. पाच-पाच सेटअपच्या सरासरीनुसार वेळ 52 मिनिटांवरून 38 मिनिटांवर आला.

टाइम स्टडी माझ्याकडे होता. मशीन थांबवूनच करावी लागणारी कामं आणि आधी करून ठेवता येणारी कामं मी वेगळी काढली. टूल आणि गेज शोधण्यात बराच वेळ जातो हे त्यातून दिसलं. त्यावरून मी सॉलिडवर्क्समध्ये टूल ट्रॉलीचं डिझाइन केलं आणि ऑपरेटरांनी वापरून पाहिल्यावर त्यांच्या सूचनांनुसार ते बदललं.

सॉलिडवर्क्समध्ये पार्ट, असेंब्ली आणि ड्रॉइंग करते. मोजणीच्या नोंदींचं विश्लेषण एक्सेलमध्ये केलं.

प्रॉडक्शन किंवा मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंगमध्ये ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून काम हवं आहे. मला शॉप फ्लोअरवरच काम करायचं आहे. पुणे किंवा कोल्हापूर भागात लगेच रुजू होऊ शकते.”

यात एकही स्तुतीचं विशेषण नाही. तरीही मेहनत दिसते, कारण पाच-पाच सेटअप मोजले आहेत. माणसांशी जुळवून घेता येतं हे दिसतं, कारण ऑपरेटरांचं ऐकून डिझाइन बदललं आहे. ‘संवादकौशल्य’ असं लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. पहिल्या परिच्छेदात कामाचा विषय आणि आकडा दोन्ही आले आहेत आणि भरती करणारा शोधतो ते शब्द आपोआप मजकुरात बसले आहेत.

ॲन्सिस, मॅटलॅब आणि पायथॉन गळाले, हेही मुद्दाम. प्रॅक्टिकलपुरतं उघडलेलं सॉफ्टवेअर ‘प्रभुत्व’ म्हणून लिहिलं की मुलाखत नेमकी तिथेच रुतते. ‘फक्त अभ्यासक्रमापुरतं येतं’ असंही लिहायची गरज नाही. ज्या सॉफ्टवेअरनं आपण काही बनवलं नाही त्याला या मजकुरात जागा नाही, एवढा नियम पुरे. सीजीपीए शिक्षणाच्या रकान्यात जातो.

‘मला शॉप फ्लोअरवरच काम करायचं आहे’ हे वाक्य साधं दिसतं, पण त्याला वजन आहे. मेकॅनिकलची बरीच मुलं आयटीकडे वळतात, त्यामुळे कारखान्यांतल्या लोकांना ही शंका असतेच की हा किंवा ही टिकेल का. सर्व प्रकारच्या संधींसाठी खुली आहे असं लिहिणाऱ्यापेक्षा नेमकी जागा सांगणारी मुलगी अधिक ठाम वाटते. अर्थात हे खरं असेल तरच लिहावं.

टाकण्याआधीची तपासणी

मजकूर तयार झाला की प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. किती? कसं मोजलं? आणखी कोण होतं? दोन-तीन वाक्यांत उत्तर देता आलं तर वाक्य राहू द्यावं. नाही आलं तर वाक्याचा आकार कमी करावा. मग तो मजकूर प्रकल्पातल्या एका सोबत्याला वाचायला द्यावा. त्याला एखाद्या ठिकाणी ‘हे तू एकटीनं केलंस?’ असं विचारावंसं वाटलं, तर तिथे अजून बढाई शिल्लक आहे.

आणखी एक काळजी घ्यावी लागते. कारखान्याचे आकडे आपल्या मालकीचे नसतात. ग्राहकाचं नाव, भागाचं ड्रॉइंग, रिजेक्शनचं प्रमाण, मशीनजवळ काढलेला फोटो, यातलं काहीही जगजाहीर करण्याआधी सुपरवायझरना विचारावं. मिनिटं सांगायला त्यांची हरकत असेल तर ‘सुमारे चौथाई वेळ वाचला’ असं लिहिता येतं. हे पथ्य पाळणाऱ्या मुलीवर पुढची कंपनीही आपली माहिती सोपवते.

ज्यांचा प्रकल्प बाजारातून तयार आणलेला होता, त्यांचं काय? असे प्रकल्प आपल्याकडे सर्रास विकत मिळतात, आणि त्यांच्या जोरावर लिहिलेला मजकूर पहिल्याच ‘का’ला कोसळतो. अशांनी तो प्रकल्प ‘अबाउट’मध्ये आणूच नये. त्याऐवजी खरोखर केलेलं एखादं छोटं काम शोधावं: वर्कशॉपमध्ये स्वतः बनवलेला एखादा जॉब, बाहाच्या गाडीवर केलेलं वेल्डिंग, घरच्या शेतीपंपाचा स्टार्टर का जळत होता याचा काढलेला माग. काम लहान असलं तरी त्याचं कारण आणि निकाल सांगता आला पाहिजे. तसं एकही काम नसेल, तर आधी एखादं करावं लागेल. लेखनानं ती उणीव भरून निघत नाही.

एवढं करूनही या मजकुरानं नोकरी मिळत नाही. तो फार तर मुलाखतीतला पहिला प्रश्न ठरवतो. पण आपल्याला उत्तर येतं असा पहिला प्रश्न ठरवता येणं हे नव्या इंजिनिअरच्या दृष्टीनं थोडंथोडकं नाही. तेव्हा आपलं प्रोफाइल उघडा आणि पहिली दोन वाक्यं वाचा. त्यात तुम्ही केलेलं काम नसेल, तर ती खोडून प्रकल्पाची वही समोर घेऊन बसा.